काळं म्हणजे कसलं काळं?

३ मे

टिटवे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र उघडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. एकोणीस वर्षांनी लिहितेय. तुझा पत्ता तुमच्या बँडच्या जुन्या ड्रमवाल्याने दिला. तो आता चष्मे विकतो आणि स्वतःच्याच दुकानात चष्मा शोधत फिरतो. पत्ता देताना म्हणाला, "ताई, ती रागावेल." मी म्हटलं, ती जन्मली तीच रागावून, आईने काय उगाच टिटवी नाव ठेवलं का?

काम आहे म्हणून लिहितेय, खोटं कशाला बोलू. माझ्या मुलीला तुझ्या गावातल्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. चित्रकलेचा. तू घर सोडून गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी ती झाली. लहानपणी साखरेच्या डब्यापाशीच सापडायची म्हणून तिला मुंगी म्हणतो. वसतिगृहात तिला खोली मिळणार ती ऑगस्टात आणि कॉलेज सुरू जूनच्या शेवटी. मधले पाच आठवडे ती तुझ्याकडे राहिली तर? माय मरो पण मावशी जगो म्हणतात. मी एवढ्यात मरायला तयार नाही, पण मावशीने पाच आठवडे जगून दाखवायला हरकत नसावी.

तुला तिचा त्रास होणार नाही. उलट बघितलंस तर दचकशील. पोरगी अगदी तुझ्यावर गेलीय. दोन वर्षं झाली, डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. तिचे बाबा म्हणतात, आपल्या घरात रोज अमावस्या. मी काही बोलत नाही. एकदा बोलून काय झालं ते माहीत आहे. खरं तर मी तेव्हा बोलले नव्हतेच, शिवलं होतं.

तुझं ते चामड्याचं जॅकेट अजून आहे. ट्रंकेत, कापूर घालून. तू खुर्चीवर टाकून गेलीस तसंच ठेवलंय. मी ते चांगल्या मनाने नीट केलं होतं एवढंच म्हणायचंय, आणि एवढं म्हणून तो विषय मी बंद करते.

हो की नाही, एका ओळीत कळव.

ताई

२० मे

टिटवे,

एका ओळीत कळव म्हटलं तर खरोखर एकच ओळ? पोस्टकार्डभर कोरी जागा सोडून मधोमध "काळं म्हणजे कसलं काळं?" आधी मला हसू आलं, मग राग आला. बावीस वर्षं कपड्याच्या धंद्यात आहे मी. काळं म्हणजे काळं! कोळसा काय नि शाई काय.

मग जे झालं ते तुला सांगायलाच हवं, नाहीतर मुंगी सांगेल आणि मीठमिरची लावून सांगेल.

मुंगीने एक स्कर्ट शिवायला घेतला होता. गावातलं जुनं नाट्यगृह बंद पडलं तेव्हा तिथला मखमलीचा काळा पडदा ती उचलून घेऊन आली. एवढा जड की दोघींनी वाहिला. त्याचा पायघोळ स्कर्ट, सगळे टाके हाताने. मशीनला हात लावू दिला नाही मला. एक गोष्ट मात्र लांबूनच पाहिली आणि माझा ऊर भरून आला. मखमलीची लव तिने सगळ्या तुकड्यांत खालून वर ठेवली होती. वरून खाली हात फिरवला तर हाताला खरखरते, पण नजरेला काळा रंग दुप्पट गडद दिसतो. तिला हे मी शिकवलेलं नाही. दुकानात बसून बघितलं असणार.

तुझं कार्ड आलं त्याच दिवशी ती मैत्रिणीकडे गेली होती आणि स्कर्ट कटिंगच्या टेबलावर होता. मला वाटलं, टिटवी विचारतेय ते काळं हेच. टिटवीच्या वेळी मी चुकले, निदान पोरीच्या वेळी तरी आपल्याला कळतं हे दाखवावं. टिटवे, मी कात्री घेतली. तुझ्या कपड्यांना असायच्या तशा चार मोठ्या फाटी केल्या, घेरापासून गुडघ्यापर्यंत. फाटींच्या कडा ओढून धागे काढले. तीन-तीन सेफ्टी पिना आडव्या घातल्या. कमरेला पिरॅमिडसारखे टोकदार स्टड एका ओळीत ठोकले, मागचे पाय पक्कडीने वाकवून, तू ठोकायचीस तसे. दोन तास मान वर केली नाही. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

मुंगी आली. बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली बसली आणि स्कर्ट मांडीवर घेऊन फाटींवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई, मावशीचं फाटकं होतं ते तू शिवलंस. माझं धड होतं ते फाडलंस. एकदा तरी आधी विचार ना गं."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी म्हटलं, "अगं पण तू मावशीसारखीच ना? काळं, बूट, डोळ्यांत काजळाचे खड्डे..."

"मावशी पंक आहे. मी गॉथ आहे. गाणी वेगळी, पंथ वेगळा."

"मग फरक काय?"

तेव्हा तिने डोळे पुसले आणि माझी शिकवणी घेतली. ट्रंक उघडून तुझं जॅकेट आणि त्याच्याबरोबरच तू टाकून गेलेली ती लाल चौकड्यांची पँट टेबलाच्या एका बाजूला मांडली, दुसऱ्या बाजूला स्वतःचं कपाट रिकामं केलं. "आता हात लावू नकोस," म्हणाली, "नुसतं बघ. गिऱ्हाइकाचं माप घेतेस तसं बघ."

मग दिसलं गं. एवढी वर्षं दुकान चालवून मला दिसलं नव्हतं.

तुझं जॅकेट कमरेपाशी संपतं. खांदे रुंद, चेन तिरकी. खाली पँट नळीसारखी अरुंद आणि पायात ते पोलादी चवड्याचे बूट. म्हणजे वर जड, खाली जड, मध्ये काटकी. सगळी आकृती तुटक, कोपरे कोपरे असलेली, कधीही धावत सुटेल किंवा भांडायला येईल अशी. मुंगीचे कपडे मांडले तर एकच लांब रेघ. गळा बंद, कंबर आवळलेली, तिथून घेर पसरत जमिनीपर्यंत. बाह्या मनगटापाशी फुलासारख्या उघडणाऱ्या. बूट दिसले तर फक्त टोक दिसावं, आणि टोक अणकुचीदार. हे घालून पळता येत नाही, चालावं लागतं.

आणि काळ्याचंही तसंच. तुझं काळं म्हणजे फळा. त्यावर पांढऱ्या रंगाने रंगवलेली अक्षरं, बिल्ले, लाल चौकडी, ठिगळं. काळं मागे आणि आरडाओरडा पुढे. हिच्या काळ्यावर काहीच लिहिलेलं नसतं. काळ्यावर काळंच. मखमल, तिच्यावर लेस, आत साटिन, हाताला जाळीचे मोजे. सगळे एकाच रंगाचे आणि प्रत्येक उजेड वेगळा पिणारा. जाळी तर तुम्हा दोघींकडेही आहे. तुझी फाटलेली असते, हिची अखंड.

मी विचारलं, "आणि हे लोखंड?"

"मावशीचं लोखंड हार्डवेअरच्या दुकानातलं," ती म्हणाली. सेफ्टी पिना, गळ्यात साखळी आणि तिला कुलूप, नको तिथे चेन, नको तिथे कडी. सगळं स्वस्त आणि सगळं मुद्दाम दिसेलसं, कपडा कशाने धरून ठेवलाय ते जगाला कळावं म्हणून. हिचं बघितलं तर चांदीसारखे क्रॉस, वटवाघूळ, गळ्याशी खड्याचा ब्रोच. कामाचं लोखंड आहे, पण कपड्याच्या आत. कॉर्सेटमध्ये, म्हणजे कंबर आवळायच्या त्या चोळीत, पोलादी पट्ट्या शिवलेल्या, मागे रिंगांतून नाडी ओवलेली. बाहेरून नुसती ताठ पाठ दिसते.

"तू माझ्या स्कर्टला खिळे ठोकलेस ना," मुंगी म्हणाली, "ते म्हणजे शोकसभेत शिट्टी मारल्यासारखं झालं."

हसलो दोघी. पण स्कर्टाचं काय करायचं? मखमलीला रफू चालत नाही, लव दबते आणि जखम आणखी दिसते. या वेळी मी विचारलं, "तुला काय हवंय?" स्कर्ट उलटापालटा करून बघत म्हणाली, "फाटींत कळ्या घाल. लेसच्या." म्हणजे चारही फाटींत काळ्या लेसचे त्रिकोण, वर निमुळते आणि खाली रुंद. घेर वाढेल, चालताना लेस मिटेल आणि उघडेल. स्टड काढले तिथे भोकं राहिली, त्यांवर साटिनचा पट्टा येईल. मी फाडलेलं ती वापरून घेतेय. तुझ्यापेक्षा समजूतदार आहे. रागावू नकोस.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, गॉथ काळं. येऊ दे का तिला?

ताई

२ जून

टिटवे,

"येऊ दे. जॅकेट उसवलंस का?"

या वेळी दोन वाक्यं! प्रगती आहे. पहिल्या वाक्याबद्दल देव तुझं भलं करो. दुसऱ्यासाठी हे पत्र.

हो, उसवलं. या रविवारी मुंगी आणि मी समोरासमोर बसलो. तिने जॅकेटचे खांदे उजेडात धरले आणि म्हणाली, "आई, काम सुंदर आहे गं तुझं. म्हणूनच भयंकर आहे." तुझ्या उजव्या बाहीची फाट मी मागून चामडं लावून, चिकटवून, वर बारीक टीप मारून बुजवली होती. सात पिना काढून टाकल्या होत्या. बँडचं ठिगळ तू दात साफ करायच्या दोऱ्याने लावलं होतंस, पांढरेशुभ्र वाकडेतिकडे टाके, नखाएवढे. ते काढून मी काळ्या धाग्याने मशीनवर सरळ चौकोन मारला होता. मुंगीला तो दोरा कशाला हे माहीत होतं. "तो तुटत नाही आणि मेण असल्यामुळे चामड्यातून सरकतो," म्हणाली. मला तेव्हा वाटलं होतं, घरात धागा नव्हता म्हणून पोरीने दाताचा दोरा वापरला. शिवणाऱ्या घरात!

पँटचंही ऐक. दोन्ही गुडघ्यांना एकमेकांशी बांधणारा तो पट्टा मी कापला होता. मला वाटलं स्टेजवर अडखळून पडशील. मुंगी म्हणाली, "अडखळावं म्हणूनच तो असतो. मग ते त्यात उड्या मारून दाखवतात." अशा गोष्टी माणसाने आधी सांगाव्यात.

पण मला एक गोष्ट माहीत होती जी मुंगीला नव्हती. चामड्याला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही. कापडाचे धागे सरकून जागा भरून काढतात, चामड्याला ती सोय नाही. त्यामुळे माझी टीप उसवली आणि आतलं चामडं सोडवलं तेव्हा तुझ्या सातही पिनांची भोकं जोडीजोडीने तिथेच होती. सात पिना, चौदा भोकं. मोठ्या पिना घेतल्या आणि प्रत्येक पिन तिच्याच घरात गेली. ठिगळाच्या कडेलाही तुझ्या टाक्यांची भोकं सापडली, माझ्या टिपेच्या जरा बाहेर. मुंगीने दाताचा दोरा आणला आणि एकेक भोक धरून तुझे वाकडे टाके तसेच वाकडे घातले. सरळ टाका घालायला मला कधी कष्ट पडले नाहीत. वाकडा बघत बसायला पडले. दोनदा हात पुढे गेला, दोन्ही वेळा मुंगीने चापट मारली.

मग ती म्हणाली, "आई, इथे काय होतं?"

डाव्या छातीवर. हाताच्या पंजाएवढा चौकोन, नुसती भोकं. तिन्ही बाजूंनी दाट, वरून मोकळा.

मी म्हटलं, "आठवत नाही."

चहा ठेवायला उठले. पोरीने पुन्हा विचारलं नाही, पण दिवसभर माझ्याकडे बघत होती.

गाडी सव्वीस तारखेची आहे, दुपारी चारला पोचते. आणखी काही हवं असेल तर लिही.

ताई

१७ जून

टिटवे,

तुझं कार्ड मिळालं. "तिला ओळखू कशी? सव्वीसला इथे मैदानात गाण्यांचा मोठा कार्यक्रम आहे, स्टेशनभर काळे कपडे असतील. आणि तुला आठवतं."

शेवटचे तीन शब्द वाचून मी कार्ड उलटं ठेवलं. मग सुलटं केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात ते एकोणीस वर्षं पडलेलं आहे.

आठवतं. न आठवायला काय झालं?

आईचा खिसा होता. तिच्या बिस्किटाच्या कारखान्यातल्या फिक्या निळ्या डगल्याचा, वर लाल धाग्याने तिचा नंबर, ३१६. ती गेल्यावर कारखान्याने बाकीचे डगले परत मागितले, एक मी लपवून ठेवला होता. रोज दुकानातून आले की कपाट उघडून वास घ्यायचे. साखर, मैदा आणि मशीनचं तेल. तुला हे सांगितलं नाही. तू घरात मोठमोठ्याने गाणी म्हणत हिंडायचीस आणि मला वाटायचं, हिला काही वाटतच नाही. एक दिवस कपाट उघडलं तर डगला होता आणि खिसा नव्हता. कापलेला. कात्रीसुद्धा माझीच. आणि तो तुझ्या जॅकेटवर, दाताच्या दोऱ्याने, ठिगळं आणि बिल्ल्यांच्या मध्ये, बाजारात मांडल्यासारखा.

मी तेव्हाच भांडायला हवं होतं. तू तेच केलं असतंस. मी काय केलं? गप्प बसले आणि तुमच्या पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी तू आंघोळीला गेलीस तेव्हा जॅकेट आणि पँट दुकानात नेली. म्हटलं, पोरीचं सगळं फाटलंय, नीट करून देते. टिटवे, मला काहीही नीट करायचं नव्हतं. मला खिसा परत हवा होता. नुसता खिसा काढला असता तर ती चोरी दिसली असती. म्हणून बाही बुजवली, पिना काढल्या, ठिगळ सरळ केलं, पट्टा कापला. बाकीचं सगळं काम म्हणजे त्या एका चोरीवर घातलेलं पांघरूण. चार तास लागले. तू खिसा कुठाय विचारलंस तेव्हा मी म्हटलं, "फाटका होता, फेकून दिला." तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू नुसत्या बनियनवर गायला गेलीस आणि दोन दिवसांनी घर सोडलंस.

फेकला नव्हता. माझ्याकडेच आहे.

चांगल्या मनाने केलं असं पहिल्या पत्रात लिहिलंय ना, ते खोटं आहे. आणि तुला काही वाटत नव्हतं असं मला वाटायचं तेही खोटं. मुंगीने कपडे मांडून दाखवले त्या दिवशी मला ते कळलं. तुझ्या पंथात माणूस जे आत दुखतं ते बाहेर टाचतो, सगळ्यांना दिसेल असं, पिनांनी. मुंगीच्या पंथात ते आत शिवतात, अस्तराखाली, आणि ताठ चालतात. मी जन्मभर मुंगीच्या बाजूची निघाले, फक्त कपडे घालायचे राहिले. आईचा नंबर छातीवर लावून तू गाणार होतीस. मी कपाटात तोंड घालून रडत होते. एकाच बाईसाठी दोघी. मला माफ कर. मागण्याची ही पद्धत बरी नाही, पोरीच्या राहण्याची सोय करता करता, पण दुसरी मला जमली नाही.

खिसा मुंगीबरोबर पाठवतेय. तिच्या स्कर्टच्या कमरेला, आत, डाव्या बाजूला कच्च्या टाक्याने अडकवलाय. तिला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "म्हणजे ते सगळं काम एका खिशासाठी?" मी हो म्हटलं.

आता ओळखायचं कसं ते सांगते. खुणा बघ, रंग बघू नकोस. जो मुलगा किंवा मुलगी कमरेपाशी संपते आणि बुटाशी पुन्हा सुरू होते, ती तुमच्यातली, सोडून दे. जिच्या अंगावर काही खणखणतं, तीही नव्हे. मुंगी वाजत नाही. खांद्यापासून जमिनीपर्यंत एकच रेघ बघ. केस उभे नसतील, मोकळे आणि लांब असतील. गळ्याशी लेस, लेसवर काळ्या खड्याचा ब्रोच. पाठ ताठ असेल, ती कॉर्सेटमुळे, गर्वाने नव्हे. आणि चालेल तेव्हा स्कर्टात चार ठिकाणी लेसच्या कळ्या उघडतील. जगात चारच कळ्यांचा तसा स्कर्ट एकच आहे, कारण आईनेच मुलीचा नवा स्कर्ट फाडल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

तुझं जॅकेट तिच्या बॅगेत आहे. पिना जागच्या जागी. डाव्या छातीचा चौकोन मोकळा ठेवलाय.

पोरीला रोज काहीतरी गरम खायला घाल. मखमलीला समोरून इस्त्री करू देऊ नकोस, मखमलीवर मखमल उलटी ठेवून नुसती वाफ.

तुझी
ताई

२९ जून

ताई,

पोरगी पोचली. तू लिहिलेल्या खुणा हातावर पेनाने लिहून घेऊन गेले होते. काही उपयोग झाला नाही.

फलाटावर काळ्या कपड्यांतली वीस-पंचवीस पोरं. कमरेपाशी संपणारी सोडली, खणखणणारी सोडली. जमिनीपर्यंतच्या रेघा दोन उरल्या, दोन्ही मुंगी नव्हेत. गाडी रिकामी झाली. तेव्हा शेवटच्या डब्यातून एक अजब प्राणी उतरला. खालून गॉथ, वरून पंक. खाली पायघोळ मखमल, चार कळ्या उघडताहेत आणि मिटताहेत. वर माझं जॅकेट, बाहीला सात पिना. गाडीत गारवा होता म्हणे, म्हणून घातलं. मी म्हटलं, "हे असं घालतात का? दोन्हीकडचे लोक हाकलतील तुला." तर म्हणाली, "मावशी, गॉथ पंकच्या पोटातूनच आलंय. सुरुवातीला सगळे असंच घालायचे." जीभ कोणाची आहे ते सांगायला नको.

मी स्वतः आता सायकली दुरुस्त करते आणि निळा डगला घालते. तोच घालून गेले होते. त्यावर नंबर नाही, एवढाच फरक. पोरगी लांबून माझ्याकडेच बघत चालत आली. मी तिला ओळखायच्या आधी तिने मला ओळखलं.

घरी येऊन तिने कच्चे टाके उसवले आणि खिसा टेबलावर ठेवला. मी लगेच हात लावला नाही. कात्री मी विचारून घ्यायला हवी होती, ताई. आपल्या घरात विचारायची पद्धत कोणालाच नव्हती, ती या पोरीने कुठून आणली कोण जाणे. तू कपाट उघडून वास घ्यायचीस हे मला माहीत होतं. मी बाहेर जायचे तेव्हा आई बरोबर हवी होती, म्हणून कापला. घरातल्या घरात तू तिला एकटीने वापरत होतीस, असं तेव्हा वाटायचं.

मग उजेडात नेऊन बघितला. खालचा डावा कोपरा. कापताना माझी कात्री घसरली होती आणि तो फाटला होता, आठवतं? अजून तसाच आहे. एक टाका नाही. धागेसुद्धा कापलेले नाहीत. गिऱ्हाइकाचं बटण सैल दिसलं तर रस्त्यात थांबवून लावणारी तू, आणि एकोणीस वर्षं हा कोपरा समोर असताना त्याला सुई लावली नाहीस. तुझ्या चार पानांपेक्षा मला तो कोपरा जास्त कळला. मुंगी बघत होती म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पंक असून.

खिसा आता जॅकेटवर आहे, आपल्या चौकोनात. दाताच्या दोऱ्याने शिवला नाही. दोन पिना लावल्यात, वरच्या दोन भोकांत. पिनेचं तेवढं बरं असतं, धरतेही आणि सोडतेही. म्हणजे सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तुझ्याकडे. तुझे सहा महिने डिसेंबरात सुरू होतात.

पण पोस्टाने पाठवणार नाही. न्यायला यावं लागेल. सुईदोरा घरी ठेवून ये.

टिटवी